तोंड लपतं, हात सावरतो



बसा, सावकाश बसा. चालून आलेले पाय आहेत, ज्यांना भिंत मिळाली त्यांनी टेकून बसावं. हे बोलणं मंडळी मुद्रित करत आहेत आणि पुढे ते छापलं जाणार आहे, असं मला सांगितलं आहे. तेव्हा जे उद्या हे घरी बसून वाचतील, त्या माउलींनाही मी समोर बसलेलंच धरतो. वाचणाऱ्यानं समजावं की हे मला उद्देशूनच चाललं आहे. कारण आजचा विषय असा आहे की त्यातून सुटलेला माणूस मी अजून पाहिला नाही. बोलणारा तर मुळीच सुटलेला नाही, ते पुढे कळेलच.

विषय एवढाच की आपल्याकडून काही वाईट घडलं, त्यानंतर आपल्या मनात काय होतं.

मनात काय होतं ते कळत नसेल तर आपली भाषा काय बोलते ते ऐकावं. लाज वाटली की आपण काय म्हणतो? ‘तोंड दाखवायला जागा राहिली नाही.’ ‘आता कोणत्या तोंडानं जाऊ?’ ‘धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.’ बघा हं, सगळं तोंडाचं आणि सगळं लपायचं. आणि चूक कबूल करताना काय म्हणतो? ‘माझ्या हातून झालं.’ ‘हातून चूक घडली.’ इथं तोंड नाही, हात आला. लाज तोंडाला लागते आणि अपराध हातून घडतो, हे आपल्या आजीला ठाऊक होतं. तोंडाला लागलं की माणूस तोंड लपवतो. हातून झालं असं म्हटलं, की त्याच हातानं सावरताही येतं.

आता कुणी म्हणेल, महाराज, लाज तर चांगली. जनाची नाही तर मनाची तरी असावी. बरोबर आहे. पण ती लाज करण्याच्या आधीची. हात पुढे जाताना जी आडवी येते, ती शेताच्या कुंपणासारखी आहे, ती राहू द्या. मी बोलतो आहे ती करून झाल्यानंतरची लाज. गुरं आत शिरली, पीक खाऊन झालं, आणि मग मालक कुंपणाआड लपून बसला, तर त्या शेताचं काय होणार? ती लाज.

हा फरक अभ्यासकांनीही नीट मांडला आहे. अमेरिकेत हेलन ब्लॉक लुईस नावाच्या बाई होत्या. मनाच्या रोग्यांवर उपचार करायच्या. 1971 साली त्यांनी यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की लाजेत माणसाचं सगळं लक्ष ‘मी’वर असतं, आणि अपराधाच्या जाणिवेत ते केलेल्या गोष्टीवर असतं. ‘मी असा कसा’ ही लाज. ‘मी हे असं कसं केलं’ ही अपराधाची जाणीव. जोर कुठे पडला ते बघायचं. आपण दुसऱ्या जाणिवेला अनुताप म्हणतो. ताप आहे त्यात, पोळतं. पण तो ताप माणसाला जागचा उठवतो.

हा फरक किती लहानपणी दिसतो, ऐका. 1993 साली कॅरन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन वर्षांच्या आसपासची मुलं. ताई त्या मुलाच्या हातात एक बाहुली देते आणि सांगते, ही माझी फार आवडती आहे. बाहुलीचा पाय मुद्दामच असा बसवलेला की खेळता खेळता निखळावा. ताई बाहेर जाते, पाय निखळतो. ताई परत येते. आता मूल काय करतं? काही मुलं नजर चुकवू लागली, ताईपासून लांब लांब राहू लागली. काही मुलांनी आपण होऊन ताईला दाखवलं, ‘हे बघ’, आणि तो पाय पुन्हा बसवायचा प्रयत्न केला. अभ्यासकांनी पहिल्यांना म्हटलं टाळणारी, दुसऱ्यांना म्हटलं भरपाई करणारी. दोन वर्षांचं लेकरू! त्याला अजून दहा शब्द धड जोडता येत नाहीत, पण तोंड लपवायचं की हात पुढे करायचा हे तेव्हापासून सुरू झालेलं असतं.

आणि एक लक्षात घ्या. टाळणारं मूल काही निर्ढावलेलं नसतं. त्यालाही वाईट वाटलेलंच असतं. वाईट वाटण्यात तो कमी पडत नाही, त्या वाटण्याचं तोंड कुठे वळलं एवढाच फरक.

आता बाहुली ठेवू बाजूला आणि मोठ्या माणसाकडे येऊ. मी जे सांगणार आहे ते घडलेलं आहे. ज्यांच्याकडून घडलं आणि ज्यांना सोसावं लागलं, त्या दोघांनाही विचारून सांगतो. नाव, गाव, दिंडीचा क्रमांक विचारू नका.

एक दिंडी. दीडशेच्या आसपास माणसं. आपल्याला माहीतच आहे, दिंडीत माणशी भिशी ठरलेली असते, त्यातून रोजचं जेवण, किराणा, सामानाचा ट्रक, पाण्याचा टँकर सगळं चालतं. हिशेबाची वही आणि पैशांची पिशवी एका गृहस्थाकडे. वीस वर्षांची वारी. माणूस चांगला, गळा गोड, हरिपाठाला पहिला उभा.

त्या वर्षी लोणंदच्या मुक्कामी त्याला घरून फोन आला. मुलगी बाळंतपणाला माहेरी होती, अवघडली होती, दवाखान्यात पैसे भरायचे होते. त्यानं पिशवीतले अठरा हजार गावच्या एका माणसाबरोबर पाठवून दिले. मनात असं की चार दिवसांत भाऊ पैसे पाठवील, तेव्हा भरून ठेवू. कुणाला बोलला नाही. खरं सांगतो माउली, त्यानं तेव्हा दिंडीच्या मालकांना नुसतं सांगितलं असतं तर त्यांनी वर आणखी दोन हजार घालून दिले असते. पण मागायला संकोच वाटला. भावाचे पैसे काही आले नाहीत. फलटणच्या मुक्कामी किराण्याची मोठी खरेदी निघाली, पिशवी उघडली, मोजली. अठरा हजार कमी.

दहा-बारा जण भोवती उभे. मालकांनी विचारलं, ‘कमी कसे?’ तो मला पुढे म्हणाला, ‘महाराज, त्या क्षणी माझे कान बंद झाले. सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडावर. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, काल रात्री पिशवी त्या पोराजवळ होती.’

ते पोरगं म्हणजे आचाऱ्याच्या हाताखालचं, एकोणीस वर्षांचं, रात्री ट्रकपाशी झोपायचं. गरिबाचं पोर. त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं. त्याच रात्री त्याला एस.टी.त बसवून घरी पाठवून दिलं. चौदा दिवसांची मजुरी ठरली होती, तीही दिली नाही.

इथं जरा थांबा. त्या माणसानं पैसे घेतले ती एक चूक. पोराचं नाव घेतलं ती दुसरी, आणि ती पहिलीपेक्षा शंभरपट मोठी. ती दुसरी चूक लोभानं केली नाही, लाजेनं केली. लाज आधी लपायला जागा शोधते, आणि जागा मिळाली नाही तर दुसऱ्या कुणाला तरी पुढे ढकलून त्याच्या मागे उभी राहते. जून टॅन्गनी नावाच्या अभ्यासक आहेत. त्यांनी अमेरिकेत तुरुंगातल्या चारशेहून अधिक कैद्यांना तपासलं आणि सुटल्यानंतर वर्षभरानं त्यांतल्या बऱ्याच जणांची पुन्हा माहिती घेतली. 2014 साली ते प्रसिद्ध झालं. ज्यांच्या मनात केलेल्या गोष्टीची टोचणी होती, ते पुन्हा गुन्ह्याकडे कमी वळले. लाजेचं मात्र दोन तोंडी निघालं. काहींना लाजेनं नुसतं मागे सारलं. पण जिथे लाज दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडायला निघाली, तिथे माणूस पुन्हा गुन्ह्याकडे गेला. फलटणला त्या ट्रकपाशी जे झालं ते हेच.

महाभारतात दुर्योधनाचं बघा ना. मयसभेत तो पाण्यात पडला. पडला तर पडला, कपडे बदलायचे, हसून सोडून द्यायचं. पण लाज तोंडाला चिकटली. हस्तिनापूरला जाताना शकुनीला म्हणतो, मी विष घेतो, आगीत शिरतो, पाण्यात जीव देतो. म्हणजे आधी स्वतःला नाहीसं करायचं बोलणं. आणि त्यातूनच पुढे द्यूत उभं राहिलं. शेवटी अठराव्या दिवशी तो सापडला कुठे? द्वैपायन डोहात लपलेला. पाण्यात पडला तिथून निघाला आणि पाण्यात लपला तिथे संपला. मधल्या सगळ्या वर्षांत त्याच्या तोंडून ‘माझ्या हातून झालं’ हे काही आलं नाही.

आता आपल्या गृहस्थाकडे. पुढच्या वर्षी त्यानं काय केलं? सांगतो, आणि इथं माझा अपराध येतो.

पुढच्या वर्षी तो अठरा हजार रुपये खिशात घेऊन वारीला आला. बोलायचंच म्हणून आला. बरडच्या मुक्कामी माझं कीर्तन होतं. फलटणच्या चोरीची गोष्ट माझ्या कानावर आली होती. मी रंगात आलो आणि म्हणालो, ‘वारीत चोर शिरलेत! अशांना तोंड काळं करून वेशीबाहेर घातलं पाहिजे, विठोबा त्यांचं तोंड बघणार नाही!’ टाळ्या पडल्या. मला फार बरं वाटलं. पुढे मला कळलं की त्या टाळ्या पडत असताना मागच्या ओळीतून एक माणूस उठला, पिशवी उचलली आणि रात्रीच्या गाडीनं घरी गेला. पैसे खिशात तसेच.

मला वाटलं होतं, मी पापाला झोडपतो आहे. प्रत्यक्षात मी पाप सोडून माणसाच्या तोंडाला धरलं होतं. ‘चोरी वाईट, चोरलेलं परत करा’ म्हणालो असतो, तर तो कदाचित त्याच रात्री माझ्याकडे आला असता. मी परत यायचं दारच लावून घेतलं.

त्यानंतर त्यानं दिंडी सोडली. गुडघे दुखतात म्हणून निरोप पाठवायचा. गावात हरिपाठाला येईना. देवळावरून जायचं तर मागच्या गल्लीनं. लोक म्हणाले, माणसाला मग्रुरी आली. लाज बाहेरून पुष्कळदा मग्रुरीसारखीच दिसते, हे ध्यानात ठेवा. आपल्या घरात कुणी असा अचानक तुटक वागू लागला, डोळ्याला डोळा देईना, साध्या प्रश्नावर खेकसू लागला, तर त्याला ‘माजलाय’ म्हणण्याआधी एकदा विचार करावा की हा काही लपवतोय का.

आणखी तीन वर्षं गेली. कार्तिकीला मी पंढरपुरात होतो. पहाटे चंद्रभागेच्या पलीकडच्या तीरावर एक माणूस एकटाच उभा, कळसाकडे हात जोडून. ओळखलं मी. म्हटलं, ‘अलीकडे का नाही येत?’ म्हणाला, ‘दिंडीचे लोक असतात. आपलं इथूनच कळसदर्शन.’ आणि मग तो बोलू लागला. वाळूत बसून अर्धा तास बोलला. रडला. ‘मी हलकट आहे, मी विश्वासघातकी आहे, माझ्यासारख्याला नरकातसुद्धा जागा नाही, माझी वीस वर्षांची वारी पाण्यात गेली.’ सगळं ऐकून घेतलं मी. आणि एकच विचारलं, ‘त्या पोराचं पुढे काय झालं?’

तो गप्प झाला. त्याला माहीत नव्हतं.

चार वर्षं तो माणूस जळत होता, एक दिवस सुखाची झोप नाही. पण त्या चार वर्षांत त्यानं त्या पोराची एकदाही चौकशी केली नव्हती. अर्ध्या तासाच्या रडण्यात ‘मी’ किती वेळा आला मोजवत नाही, आणि ते पोरगं एकदाही आलं नाही. वाचणाऱ्या माउली, ही खूण धरून ठेवा. आपल्याला जे टोचतंय ती लाज की अनुताप हे ओळखायचं असेल तर आपलं मनातलं बोलणं ऐका. त्यात फक्त ‘मी’ आहे की ज्याचं नुकसान झालं तोही आहे? तो नसेल तर कितीही रडलं तरी ती लाजच. लाज डोळ्यांतून पाणी काढते, पण त्या पाण्यानं दुसऱ्याची तहान भागत नाही.

पाण्याचं आणि तहानेचं निघालं म्हणून मी त्याला वाळवंटातच एक कथा सांगितली. तुम्हालाही ठाऊक आहे, पण आज जरा या अंगानं ऐका.

दशरथ राजा तेव्हा तरुण होता. कौसल्या अजून घरात आलेली नव्हती. पावसाळ्याचे दिवस, रात्रीची वेळ, शरयूचा काठ. नुसत्या आवाजावर बाण मारायची विद्या अंगी, आणि तिचा अभिमान. अंधारात पाणी भरल्याचा आवाज आला. वाटलं हत्ती असेल. बाण सोडला. आणि तिकडून माणसाची किंकाळी आली. आपण ज्याला श्रावणबाळ म्हणतो तो मुलगा. वाल्मीकींनी त्याचं नाव दिलेलं नाही. घडा कलंडलेला, अंगात बाण.

आता बघा. रात्र आहे. कुणी पाहिलेलं नाही. हा राजपुत्र आहे, तो वनातला गरीब मुलगा. दशरथाला मागे वळायला एक पाऊल पुरे होतं. पण तो आवाजाच्या दिशेनं गेला. इथंच अर्धं काम झालं. लाज आवाजापासून दूर नेते, अनुताप आवाजाकडे नेतो.

मग तो मुलगा बोलला, आणि दशरथानं ऐकून घेतलं. मुलगा म्हणाला, मला माझं दुःख नाही, माझे आईवडील आंधळे आहेत, तहानलेले आहेत, वाट बघताहेत. या पायवाटेनं त्यांच्याकडे जा आणि त्यांना सांग. आणि हा बाण काढ, फार दुखतंय. काय करायचं ते दशरथानं स्वतःच्या मनानं ठरवलं नाही. ज्याला लागलं होतं त्यानं सांगितलं ते केलं. बाण काढला. मुलगा गेला. घडा भरून घेतला आणि त्या पायवाटेनं निघाला.

माउली, ती पायवाट डोळ्यासमोर आणा. हातात भरलेला घडा. पुढे दोन आंधळी म्हातारी माणसं. पावलांचा आवाज ऐकून बाप म्हणतो, बाळ, इतका उशीर का केलास? पाणी आण लवकर. काही चुकलं का आमचं? इथं गप्प राहून घडा ठेवता आला असता. डोळे नाहीत त्यांना. पण दशरथ म्हणाला, मी तुमचा मुलगा नाही, मी दशरथ. आणि जे झालं ते सांगितलं. आपलं नाव आणि आपली करणी, एकापाठोपाठ एक. 

तेव्हा त्या बापानं जे म्हटलं ते वाल्मीकींनी लिहून ठेवलं आहे. तो म्हणाला, हे तू स्वतः येऊन सांगितलं नसतंस, तर तुझ्या मस्तकाची शेकडो शकलं झाली असती. मग म्हणाला, आम्हाला त्याच्याजवळ ने. दशरथ त्यांना हात धरून घेऊन गेला, त्यांनी मुलाला चाचपलं.

पण शाप सुटला का? नाही. तुलाही पुत्रशोकानंच मरण येईल, असं तो बाप म्हणालाच, आणि राम वनात गेल्यावर तसं झालंही. म्हणून सांगतो, कबूल केलं की सगळं माफ होतं असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. मुलगा परत आला नाही. पण दोन आंधळी माणसं रात्रभर वाट बघत बसली नाहीत, त्यांना लेकाला शेवटचा हात लावता आला. जेवढं सावरता येण्यासारखं होतं तेवढं सावरलं. बस, तेवढंच आपल्या हातात असतं.

कथा संपली तेव्हा उजाडलं होतं. तो गृहस्थ म्हणाला, ‘महाराज, मी घडा घेऊन निघालोच नाही.’ म्हटलं, ‘चला निघू.’

पोरगं सापडायला आठ दिवस लागले. सासवडच्या पुढे एका ढाब्यावर कामाला होतं. त्याच्या आईला गावात ‘चोराची आई’ म्हणायचे, ती बाजारालासुद्धा शेजारच्या गावी जायची. म्हणजे बघा, एकाच्या लाजेनं दुसऱ्या घराला विनाकारण लाज लावली.

जायच्या आधी मी त्याला एक बजावलं. ‘तिथं जाऊन मी नालायक, मी पापी, असं काही बोलायचं नाही. तुम्ही तसं म्हणालात की त्या पोराला म्हणावं लागेल, जाऊ द्या काका, असं म्हणू नका. मार त्यानं खाल्ला आणि समजूतही त्यानंच घालायची? पायावर लोळणसुद्धा घ्यायची नाही. तेही ओझंच असतं.’

त्यानं तीन वाक्यं बोलायची असं ठरलं, आणि ती बोलला. ‘पिशवीतले अठरा हजार मी घेतले होते. तुझं नाव मी घेतलं. तू काही केलं नव्हतंस.’ मुलीचं बाळंतपण, भावाचे पैसे, यातलं काही नाही. पोरानं विचारलं असतं तर सांगायचं होतं. त्यानं विचारलं नाही. मग हा विचारता झाला, ‘तुझं काय काय नुकसान झालं ते सांग. मी ऐकतो.’ आणि पोरगं बोललं. मजुरी बुडाली ते सांगितलं. ठरलेलं लग्न मोडलं ते सांगितलं. आईचं सांगितलं. पाऊण तास बोललं. यानं मान खाली घातली नाही, समोर बघून ऐकलं. ते सगळ्यांत अवघड होतं, असं तो म्हणतो.

पोरानं माफ केलं का? नाही केलं. रडलंही नाही. एवढंच म्हणालं, ‘पैसे दिंडीला द्या. माझी मजुरी मला द्या. आणि जिथं माझं नाव घेतलंत तिथंच उभं राहून सांगा. आईलाही तिथं घेऊन जा.’

पुढच्या आषाढीला, फलटणच्या मुक्कामी, हरिपाठ झाल्यावर, विणेकरी उभे असताना, हा माणूस सगळ्या दिंडीसमोर उभा राहिला. पोराची आई पुढच्या ओळीत बसवली होती. तीच तीन वाक्यं बोलला आणि पैसे मालकांच्या हातात दिले. दोन-चार जण उठून गेले. एकानं शिवी दिली. म्हातारी काही बोलली नाही, पदरानं तोंड पुसलं आणि बसून राहिली. हिशेबाची वही त्याला परत मिळाली नाही, आणि मिळू नयेच. आता त्या दिंडीत पिशवी दोघांकडे असते आणि दर मुक्कामी मोजून वहीत दोघांच्या सह्या होतात. हीसुद्धा भरपाईच आहे, की पुन्हा तीच वाट उघडी राहू नये.

दुसऱ्या दिवशी बरडला माझी पाळी होती. ज्या ठिकाणी मी टाळ्या घेतल्या होत्या, त्याच ठिकाणी उभा राहून मी काय बोललो होतो आणि त्यानं काय झालं ते सांगितलं. त्या दिवशी टाळ्या पडल्या नाहीत. ते बरंच झालं.

पोरगं अजून त्याच्याशी बोलत नाही. पण त्याची आई गेल्या वर्षी त्याच दिंडीत चालली, आणि आता ती आपल्याच गावच्या बाजारात जाते. तो गृहस्थ हरिपाठाला शेवटच्या ओळीत उभा असतो. शेवटच्या ओळीत, पण असतो.

आता उठण्याआधी एक सांगितलं पाहिजे, नाहीतर माझं बोलणं भलत्याच्या गळ्यात पडेल. काही माणसं अशी असतात की लाज त्यांच्या वाट्याला आली आहे, पण अपराध त्यांचा नाहीच. कुणी लेकीवर हात टाकला आणि ती लेक तोंड लपवून बसली. पावसानं पीक नेलं आणि कर्ज राहिलं म्हणून बाप गावात जाईना. माउली, तिथे तुमच्या हातून काही घडलेलं नाही. जिथे हातून घडलं नाही तिथे सावरायचं तुमचं काही नाही. तिथे हात कुणाचा होता ते बघायचं, आणि विश्वासाच्या एका तरी माणसाला सांगायचं. ‘चोराची आई’ म्हणून तोंड लपवणाऱ्या त्या म्हातारीनं काय केलं होतं?

आणि काही जण नसलेला अपराधही ओढून घेतात. मुलगा अपघातात गेला, आई म्हणते मीच त्याला दुधाला पाठवलं होतं. तिनं स्वतःला दोन गोष्टी विचाराव्यात. मला ते आधी कळणार होतं का? मला ते टाळता येणार होतं का? दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर तो शोक आहे, अपराध नाही. आणि तो विचार महिनोन्‌महिने अन्न-झोप घेऊन जात असेल, जीव नकोसा करत असेल, तर डॉक्टरांकडे जावं. त्यात कमीपणा नाही.

घरी गेल्यावर लेकरानं काही सांडलं, फोडलं, खोटं बोललं, तर जिभेवर एवढा ताबा ठेवा. ‘तू खोटारडा आहेस’ म्हणालात की त्याच्या तोंडाला लागलं, ते लपायला शिकेल. ‘तू हे खोटं बोललास, आता काय करशील सांग’ म्हणालात की त्याच्या हाताकडे बघितलंत. त्याला त्या बाहुलीचा पाय बसवू द्या. वाकडा बसला तरी चालेल.

आणि तुमच्या मनात आत्ता, हे ऐकताना, वाचताना, कुणाचं तरी नाव आलं असेल. मला ते नाव कळायला नको. त्या माणसाला आज काय हवं असेल, एवढाच विचार करत चाला. घडा भरून घ्या आणि पायवाटेला लागा.

राम कृष्ण हरी.